सहा रुग्ण, दोन गट आणि एक एकक

आमच्या मधुमेहाच्या ओपीडीत गेल्या वर्षी डेटा सायन्स शिकणारी एक विद्यार्थिनी प्रकल्पासाठी येत असे. नव्याने मधुमेह निदान झालेल्या रुग्णांच्या डोळ्याचा पडदा तपासून घ्यायचा असतो. तपासणी सगळ्यांचीच करायची, पण नेत्रविभागात आठवड्याला ठरावीकच रुग्ण पाहता येतात, त्यामुळे आधी कोणाला बोलवायचे हा प्रश्न असतो. तिने रुग्णांचे निदानाच्या वेळचे वय आणि एचबीए१सी हे दोन आकडे घेतले, संगणकावर ‘के-मीन्स’ नावाची पद्धत चालवली आणि दोन याद्या आणून दिल्या. एकीवर लिहिले होते ‘आधी बोलवावेत’, दुसरीवर ‘नंतर चालेल’.

दुसरी यादी वाचताना एका नोंदीवर माझे बोट थांबले. वय छत्तीस, एचबीए१सी अकरा. गेल्या सुमारे तीन महिन्यांतील रक्तातील साखरेची सरासरी पातळी सांगणारी ही तपासणी. बहुतेक रुग्णांत ती सातच्या आसपास किंवा खाली ठेवण्याचा आमचा प्रयत्न असतो. अकरा म्हणजे साखर बरेच दिवस मोकाट आहे.

‘‘अगं, हा नंतर का?’’ मी विचारले.

‘‘सर, प्रोग्रॅमनेच त्या गटात टाकलाय.’’

प्रोग्रॅममध्ये चूक नव्हती. त्याने सांगितलेले काम चोख केले होते. मग चूक कुठे होती, हे शोधायला आम्ही संगणक बाजूला ठेवला आणि केसपेपरच्या कोऱ्या पाठीवर सहा रुग्ण मांडले. ज्यांनी डेटा सायन्स नुकतेच शिकायला घेतले आहे, त्यांनीही कागद-पेन्सिल घ्यावी. दहावीच्या गणितापलीकडे काही लागत नाही.

सहा ठिपके

हिशेब सोपा व्हावा म्हणून हे सहा रुग्ण मी कल्पनेतले घेतले आहेत. आधी वय, मग एचबीए१सीची टक्केवारी:

क – ३६ वर्षे, ११
ख – ४० वर्षे, ७
ग – ४४ वर्षे, ११
घ – ५० वर्षे, ७
च – ५४ वर्षे, ११
छ – ५८ वर्षे, ७

आलेख-कागदावर आडव्या रेषेवर वय आणि उभ्या रेषेवर एचबीए१सी घेतले, तर प्रत्येक रुग्ण हा एक ठिपका होतो. के-मीन्सला या ठिपक्यांचे ‘के’ इतके गट पाडायचे असतात. के किती, हे आपण आधी सांगायचे. आपण दोन सांगू.

पद्धतीत दोनच पायऱ्या आहेत आणि त्या आळीपाळीने येतात. पहिली पायरी: प्रत्येक गटाला एक केंद्र असते, आणि प्रत्येक ठिपका त्याला जे केंद्र जवळ असेल त्या गटात जातो. दुसरी पायरी: गट ठरले, की प्रत्येक गटातील ठिपक्यांची सरासरी काढायची आणि केंद्र त्या सरासरीवर नेऊन ठेवायचे. केंद्रे हलली, की कोण कोणाला जवळ हे पुन्हा तपासायचे. एकही ठिपका गट बदलत नाही असे झाले, की थांबायचे. ‘मीन’ म्हणजे सरासरी. ‘के’ सरासऱ्या म्हणून के-मीन्स. हे नाव जेम्स मॅक्वीन यांच्या १९६७च्या लेखातले. आपण करणार आहोत ती रीत स्टुअर्ट लॉइड यांनी बेल प्रयोगशाळेत १९५७ सालीच लिहून ठेवली होती, पण ती छापली गेली १९८२ साली.

अंतर मोजायचे ते पायथागोरसच्या सिद्धांताने. वयांतील फरकाचा वर्ग, अधिक एचबीए१सीतील फरकाचा वर्ग. वर्गमूळ काढायची गरज नाही, कारण आपल्याला फक्त कोणते केंद्र जवळ आहे हे पाहायचे आहे आणि त्यासाठी वर्गांची तुलना पुरते.

फेरी पहिली ते चौथी

सुरुवातीची केंद्रे कुठे तरी ठेवावीच लागतात. आपण यादीतील पहिले दोन रुग्ण, क आणि ख, हेच केंद्र मानू.

आता ग घ्या. ग ते क: वयाचा फरक ८, त्याचा वर्ग ६४, एचबीए१सी सारखेच, एकूण ६४. ग ते ख: वयाचा फरक ४, वर्ग १६, एचबीए१सीचा फरक ४, वर्ग १६, एकूण ३२. म्हणून ग हा खच्या गटात. घ, च आणि छ यांचाही असाच हिशेब केला, तर तिघेही खच्या बाजूला जातात. पहिल्या फेरीअखेर एका गटात एकटा क आणि दुसऱ्यात उरलेले पाच.

पाच जणांची सरासरी काढू: वय ४९.२, एचबीए१सी ८.६. दुसरे केंद्र आता तिथे गेले. असा कोणी रुग्ण आपल्या यादीत नाही, हे लक्षात घ्या. केंद्र म्हणजे गटाचा मध्य, प्रत्यक्ष माणूस नव्हे.

केंद्र दूर गेल्यामुळे दुसऱ्या फेरीत ख उघडा पडतो. नव्या केंद्रापासून त्याचे अंतर ८७.२, कपासून फक्त ३२. तो कच्या गटात येतो. आता गट झाले क-ख आणि ग-घ-च-छ. केंद्रे: पहिल्याचे ३८ वर्षे आणि ९, दुसऱ्याचे ५१.५ वर्षे आणि ९.

तिसऱ्या फेरीत ग हलतो. पहिल्या केंद्रापासून ३६ अधिक ४ म्हणजे ४०, दुसऱ्यापासून ५६.२५ अधिक ४ म्हणजे ६०.२५. तोही पहिल्या गटात. गट आता क-ख-ग आणि घ-च-छ. केंद्रांची वये ४० आणि ५४. चौथ्या फेरीत सगळे पुन्हा तपासले, तर कोणीच हलत नाही. काम संपले.

हे काम कधी तरी संपतेच. प्रत्येक ठिपक्यापासून त्याच्या केंद्रापर्यंतच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज केली, तर ती दोन्हींपैकी कोणत्याही पायरीने वाढत नाही. ती घटते किंवा तितकीच राहते. आणि सहा ठिपके दोन गटांत वाटण्याचे प्रकार मोजकेच आहेत, त्यामुळे ही घसरण अनंत काळ चालू शकत नाही.

पण हाती काय आले ते पाहा. एका गटात ११, ७, ११. दुसऱ्यात ७, ११, ७. म्हणजे साखरेच्या दृष्टीने दोन्ही गट म्हणजे खिचडी. पद्धतीने फक्त तरुण आणि वयस्क असे दोन ढीग केले. आमच्या विद्यार्थिनीच्या यादीत नेमके हेच झाले होते. वयस्क गटाला तिने ‘आधी बोलवावेत’ असे नाव दिले होते आणि छत्तीस वर्षांचा, अकरा एचबीए१सी असलेला रुग्ण तरुणांबरोबर मागे राहिला होता.

आकड्याला एकक कळत नाही

असे का झाले, ते वर्गांच्या बेरजेतच दिसते. या सहा जणांत वयाचा जास्तीत जास्त फरक २२ वर्षांचा आहे, त्याचा वर्ग ४८४. एचबीए१सीतील जास्तीत जास्त फरक ४, त्याचा वर्ग १६. एकाच तराजूत ४८४ आणि १६ टाकल्यावर पारडे कुठे झुकणार? वैद्यकीयदृष्ट्या सात आणि अकरा यांतले अंतर फार मोठे आहे. बावीस वर्षांच्या अंतराहून ते कमी महत्त्वाचे आहे असे कोणीच ठरवलेले नव्हते. पण बेरजेला वर्षे आणि टक्के कळत नाहीत. तिच्यापुरते ते नुसते आकडे.

याची गंमत आणखी एका उदाहरणाने कळेल. आपल्याकडे एचबीए१सी टक्क्यांत छापतात. युरोपातील अनेक देशांत तोच निष्कर्ष मिलिमोल प्रति मोल या एककात देतात. ७ टक्के म्हणजे तिथले ५३ आणि ११ टक्के म्हणजे ९७. रक्त तेच, रुग्ण तेच. पण आता दोघांतला फरक ४४ आणि त्याचा वर्ग १९३६! हे आकडे घेऊन क आणि ख यांपासूनच सुरुवात करा. ग ते क अंतर ६४, ग ते ख १९५२. ग पहिल्याच फेरीत कच्या गटात जातो, पाठोपाठ चही जातो, आणि गट होतात क-ग-च आणि ख-घ-छ. एकीकडे सगळे अकरावाले, दुसरीकडे सगळे सातवाले.

प्रयोगशाळेने अहवाल कोणत्या एककात छापला यावर रुग्ण कोणत्या यादीत जाईल हे ठरत असेल, तर त्या यादीवर विसंबून चालणार नाही.

यावरचा नेहमीचा उपाय असा: प्रत्येक मापातून आधी त्याची सरासरी वजा करायची आणि उरलेल्याला त्या मापाच्या प्रमाण विचलनाने भागायचे. प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीभोवती साधारण किती पसरले आहेत, याचे माप. आपल्या सहा जणांची वयाची सरासरी ४७ आणि प्रमाण विचलन ७.७२. एचबीए१सीची सरासरी ९ आणि प्रमाण विचलन २. म्हणजे कचे वय झाले उणे ११ भागिले ७.७२, म्हणजे उणे १.४२, त्याचे एचबीए१सी झाले २ भागिले २, म्हणजे १. सगळ्यांचे असे केले की:

क – उणे १.४२, १
ख – उणे ०.९१, उणे १
ग – उणे ०.३९, १
घ – ०.३९, उणे १
च – ०.९१, १
छ – १.४२, उणे १

एकके गळून पडली. आता वय महिन्यांत घ्या किंवा एचबीए१सी मिलिमोलमध्ये घ्या, शेवटी हेच आकडे येतील, फार तर दशांशाच्या पुढच्या घरात फरक पडेल. पुन्हा क आणि ख ही केंद्रे धरून सुरू करा. ग ते क अंतर १.०७, ग ते ख ४.२७. ग कच्या गटात, चही कच्या गटात. घ आणि छ खच्या गटात. दुसऱ्या फेरीत कोणीच हलत नाही. सुरुवात तीच, रुग्ण तेच, आणि या वेळी अकरावाले तिघे एकत्र आले.

मात्र एक गोष्ट नीट समजून घ्यावी. प्रमाण विचलनाने भागणे म्हणजे ‘दोन्ही मापांना सारखेच वजन द्यायचे’ असा निर्णय घेणे. तो निर्णय गणिताने घेतलेला नाही, आपण घेतला आहे. तो योग्य आहे की नाही, हे त्या विषयातल्या माणसाला विचारावे लागते.

सुरुवात बदलली तर?

विद्यार्थिनीला वाटले, आता प्रश्न मिटला. मी म्हटले, ‘‘आता क आणि छ यांना केंद्र धरून बघ.’’

हे नवे, एकक नसलेले आकडेच घेऊन तिने हिशेब केला. ख ते क ४.२७, ख ते छ ५.४३, म्हणून ख कच्या गटात. च ते क ५.४३, च ते छ ४.२७, म्हणून च छच्या गटात. ग कबरोबर, घ छबरोबर. गट झाले क-ख-ग आणि घ-च-छ. पुन्हा तीच वयाची वाटणी! आणि दुसऱ्या फेरीत कोणी हलतही नाही. म्हणजे के-मीन्सच्या दृष्टीने हेही पूर्ण झालेले उत्तर.

के-मीन्स उतारावरून खाली येणाऱ्या पाण्यासारखे वागते. ते खाली येते हे नक्की, पण वाटेत एखादा खड्डा लागला तर तिथेच साचते. सर्वांत खालची जागा पलीकडे असली तरी तिथपर्यंत पोहोचत नाही. कोणत्या खड्ड्यात साचेल, हे पाणी कुठून सोडले त्यावर ठरते.

दोन उत्तरांपैकी कोणते घ्यायचे? त्यासाठी मघाची बेरीज उपयोगी पडते. प्रत्येक ठिपक्यापासून त्याच्या केंद्रापर्यंतच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज वयाच्या वाटणीत ६.४१ येते आणि साखरेच्या वाटणीत ५.४५. बेरीज जितकी कमी, तितके ठिपके आपापल्या केंद्राला चिकटून. म्हणून ५.४५चे उत्तर अधिक चांगले. व्यवहारात पद्धत वेगवेगळ्या सुरुवातींपासून अनेकदा चालवायची आणि सर्वांत कमी बेरजेचे उत्तर ठेवायचे. पायथनमध्ये scikit-learn वापरणाऱ्यांनी इथे लक्ष द्यावे: `KMeans` मध्ये किती सुरुवाती करून पाहायच्या हे `n_init` ठरवते, आणि अलीकडच्या आवृत्त्यांत तुम्ही काहीच लिहिले नाही तर सहसा एकच सुरुवात होते. त्या सुरुवातीची केंद्रे एकमेकांपासून दूर पडावीत अशी काळजी ती घेते, पण क आणि छ हेही एकमेकांपासून दूरच होते. `n_init=10` लिहायला काही सेकंद लागतात.

ही बेरीज गट किती असावेत हे मात्र सांगत नाही. गट वाढवत गेलात, की बेरीज घटतच जाते. सहा जणांचे सहा गट केले तर ती शून्य होते आणि हाती काहीच लागत नाही. शिवाय ठिपक्यांत मुळात गट नसतील, तरी दोन मागितले की के-मीन्स दोन देते. ‘इथे गट नाहीत’ असे उत्तर तिच्याकडे नाही.

स्वीडनमधले पाच गट

मधुमेहात ही पद्धत खरोखर कशी वापरली गेली, हे पाहण्यासारखे आहे. २०१८ साली स्वीडनच्या लुंड विद्यापीठातील एमा आल्क्विस्ट, लाइफ ग्रूप आणि सहकाऱ्यांनी नव्याने निदान झालेल्या ८,९८० रुग्णांचे पाच गट मांडले. वय, शरीराचा बॉडी मास इंडेक्स, एचबीए१सी, इन्सुलिन बनवण्याची क्षमता, इन्सुलिनला होणारा विरोध आणि गॅड नावाचे प्रतिपिंड अशी सहा मापे त्यांनी घेतली होती.

आपण वर पाहिलेली प्रत्येक काळजी त्यांनी घेतलेली दिसते. मापे सरासरी शून्य आणि प्रमाण विचलन एक अशी करून घेतली. प्रतिपिंड हे ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे माप. त्याची सरासरी काढून काही कळत नाही, म्हणून ते असलेल्या रुग्णांचा गट आधीच वेगळा काढला आणि उरलेल्यांवर के-मीन्स चालवून चार गट केले. पुरुष आणि स्त्रिया यांचा हिशेब वेगवेगळा केला. सुरुवात एकदा नव्हे तर शंभरदा केली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पुढे या रुग्णांचे काय झाले ते पाहिले. इन्सुलिन फार कमी बनणाऱ्या गटात डोळ्याच्या पडद्याचा विकार अधिक आढळला, इन्सुलिनला फार विरोध असणाऱ्या गटात मूत्रपिंडाचा. गट करताना ही माहिती वापरलेली नव्हती. तरीही गटांगटांत फरक दिसला, म्हणून त्या गटांना अर्थ आला.

तरी गोष्ट तिथे संपत नाही. २०१९ साली इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाच्या जॉन डेनिस आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की एखाद्या रुग्णाची साखर पुढे कशी वाढेल किंवा मूत्रपिंड कसे राहील याचा अंदाज करायचा, तर गटाच्या नावापेक्षा वय, मूत्रपिंडाची सध्याची क्षमता अशी साधी मापे थेट वापरणे तितकेच किंवा अधिक उपयोगी पडते. कारण समजण्यासारखे आहे. रुग्णाला गटात टाकले, की सीमेच्या अगदी जवळचा आणि गटाच्या मध्यावरचा दोघेही एकाच नावाने ओळखले जातात. त्यांच्यातला फरक आपण स्वतःच पुसून टाकतो.

आमच्या ओपीडीतही शेवटी तेच झाले. विद्यार्थिनीने मापे सारख्या पातळीवर आणली, दहा सुरुवाती करून पाहिल्या आणि नवी यादी केली. तो छत्तीस वर्षांचा रुग्ण पहिल्या यादीत आला. मग तिनेच विचारले, ‘‘सर, पण नुसतं एचबीए१सी जास्त असलेल्यांना आधी बोलवायचं असेल, तर मग के-मीन्स कशाला हवं?’’

नकोच होते. कोणाला आधी बोलवायचे हे ठाऊक असेल, तर साधा नियम पुरतो, आणि तो प्रत्येक रुग्णाला समजावून सांगताही येतो. रुग्णांचे नेमके प्रकार किती हेच ठाऊक नसते, तेव्हा के-मीन्स लागते. तिने प्रकल्पात दोन्ही लिहिले. नेत्रविभागाला मात्र यादी गेली ती साध्या नियमाची, एचबीए१सीच्या उतरत्या क्रमाने.